फोनचा डोळा वहीवर

शिक्षक मित्रहो,

ऑनलाइन तासात वहीवरचा भागाकार दाखवायचाय?

टेबलावर वहीच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या दोन सारख्या चळती रचा…
साधारण दीड वीत उंच.
त्यांवर दोन पट्ट्या आडव्या टाका.
पट्ट्यांवर फोन उताणा ठेवा.
मागचा कॅमेरा पट्ट्यांमधल्या फटीतून वहीकडे बघेल.

तास लॅपटॉपवरच चालू द्या.
फोन त्याच तासात वेगळा जोडा.
पण फोनचा माईक बंद… आणि आवाजही बंद.
नाहीतर कर्कश शिट्टी घुमते, मुलं कानांवर हात ठेवतात!

अक्षरं उलटी दिसतात?
सपाट ठेवलेल्या फोनला उभं-आडवं नीट कळत नाही.
ऑटो-रोटेट बंद करा.
तरीही उलटंच? मग फोनच फिरवून ठेवा.

उजव्या हाताने लिहिता? दिवा डावीकडे ठेवा.
हाताची सावली आकड्यांवर पडणार नाही.

पुन्हा सांगते…
फोनचा माईक बंद, आवाजही बंद.
आणि मुलं यायच्या आधी, लॅपटॉपवर चित्र एकदा पाहून घ्या.