परसातलं ठिबक आणि घरची टाकी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



वावरातल्या ठिबकवर आपण बरंच बोललो. आज परसातल्या ठिबकवर बोलू. लिंबाची चार-पाच झाडं, वांग्या-मिरच्यांच्या दोन ओळी, आणि त्याला घरच्याच पाण्याची जोडणी. काम लहान वाटतं, म्हणून ते कुणीही उरकून टाकतो. पण वावरातल्या ठिबकात चूक झाली तर पीक सुकतं. घरच्या पाण्यावर जोडलेल्या ठिबकात चूक झाली तर खताचं पाणी पिण्याच्या घड्यात येऊ शकतं, आणि तेही फक्त आपल्याच घड्यात नाही.

कसं ते सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या या गावांत विहिरीचं पाणी खारट, म्हणून पिण्याचं पाणी नळयोजनेचं. ते रोज येत नाही. पाणी बंद झालं की रस्त्याखालचा पाइप रिकामा होऊ लागतो, आणि रिकामा होणारा पाइप ओढतो. त्यात गल्लीतल्या कुणी नळाला मोटर लावली असली, तर आणखी जोरात ओढतो. अशा वेळी फवारणीच्या ड्रममध्ये नळाची नळी बुडवून ठेवलेली असेल, तर ड्रममधलं औषध उलट पाइपात जातं. परसातल्या ठिबकच्या नळ्या तर मातीवरच पडलेल्या असतात. त्यांच्या तोट्यांतून शेणखताचं, युरियाचं पाणी तसंच आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या घागरी कुणाच्या घरात जातील, ते देवालाच ठाऊक.

म्हणून आमचं पहिलं सांगणं हे की ठिबक नळाच्या पाइपाला थेट जोडू नका. नळ टाकीत पडू द्या, आणि ठिबक टाकीतून घ्या. टाकीत पडणाऱ्या नळाचं तोंड टाकीच्या काठाच्या वर चार बोटं तरी असू द्या. तोंड पाण्यात बुडालं की टाकीतलं पाणीही उलट ओढलं जातं. मध्ये मोकळी हवा असली तर पाण्याला परत जायला वाटच राहत नाही. यापेक्षा पक्का उपाय दुसरा नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

मग एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याला आपण एनआरव्ही म्हणतो, तो कशाला? विहिरीतला फूटव्हॉल्व्ह आपल्याला माहीत आहेच, हा त्याचाच भाऊ. टाकीतून खाली येणाऱ्या एकाच पाइपावर स्वयंपाकघराची तोटी आणि ठिबक दोन्ही असतील, तर टाकी संपत आल्यावर घरात तोटी उघडली की ती ठिबककडूनही ओढू शकते. तिथं एनआरव्ही हवाच. शक्य असेल तर ठिबकसाठी टाकीला वेगळं भोकच पाडावं, बुडापासून तीन-चार इंच वर, म्हणजे तळाचा गाळ येत नाही. तरीही एनआरव्ही बसवा.

बसवताना एक चूक हमखास होते. झडपेचा एनआरव्ही वरून खाली येणाऱ्या उभ्या पाइपात बसवतात. तिथं झडप स्वतःच्या वजनानं खाली लोंबत राहते, ती मिटतच नाही. असा व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. तो आडव्या पाइपात, अंगावरचा बाण बागेकडे करून बसवावा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह कसाही बसतो, पण स्प्रिंग उघडायलाच थोडा दाब खर्ची पडतो, आणि टाकीच्या पाण्याला दाब मुळातच कमी. आम्ही म्हणतो, टाकीवर झडपेचाच घ्या.

आता दाबाचा हिशेब. पाणी दहा मीटर उंच असेल तर खाली एक किलो दाब मिळतो. एक घर धरू. स्लॅबवर ओट्यावर टाकी, पाणी जमिनीपासून चार मीटर उंच. म्हणजे दाब ०.४ किलो. बाजारातली ४ लिटरची तोटी एक किलो दाबावर तासाला ४ लिटर देते. ०.४ किलोवर ती अडीच लिटरच्या आसपास देते. दाब निम्म्याहून कमी झाला म्हणून पाणीही तितकंच घटत नाही. पाच लिंबांना चार-चार तोट्या आणि दहा मीटरच्या दोन ओळींना अर्ध्या मीटरवर एक अशा चाळीस, मिळून साठ तोट्या. तासाला दीडशे लिटर, दोन तासांत तीनशे. हजाराच्या टाकीत घरापुरतं पाणी उरतं. नळ आठवड्यानं येत असेल, तर मात्र आधी घर, मग लिंबू.

या घराला दाब कमी करणारं यंत्र, म्हणजे प्रेशर रेग्युलेटर, लागत नाही. दुकानदार संचात घालून देतो, आपण आनंदानं घेतो. पण ०.४ किलोला कमी करायचं काय? ते नुसती अडचण करतं. रेग्युलेटर लागतो तो गोड्या पाण्याच्या विहिरीवरून घरगुती मोटरनं थेट ठिबक चालवणाऱ्याला. मोटर अडीच किलो दाब देत असेल तर १६ मिलिमीटरच्या नळ्या जोडातून निसटतात, तोट्या उडतात. तिथं एक किलोचा रेग्युलेटर लावा, आणि त्याच्या अंगावर लिहिलेला कमीतकमी प्रवाह आपल्या साठ तोट्यांना जुळतो का ते पाहा. बंद करायचा कॉक त्याच्या आधी असावा, पुढे नाही. पाणी वाहत असेल तोवरच तो दाब सांभाळतो. पुढचा कॉक बंद करून मोटर चालू ठेवली, तर पूर्ण दाब आत तुंबतो. शिवाय साठ तोट्यांना इतकं पाणी लागतच नाही. मोटरचं उरलेलं पाणी बायपासनं परत टाकीत किंवा विहिरीत सोडावं लागतं. मोटरनं टाकी भरून ठिबक टाकीवरच चालवणं सोपं.

जोडणीचा क्रम असा: टाकी, कॉक, एनआरव्ही, मग जाळीचा फिल्टर, रेग्युलेटर असल्यास फिल्टरच्या पुढे, आणि शेवटी हेडर. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी, कारण रेतीचा एक कण रेग्युलेटरच्या बैठकीत अडकला की तो बिघडतो. फिल्टर १२० मेशचा घ्या. टाकीवर चालवायचं असेल तर एक इंची घ्या, अर्ध्या इंचाचा नको. मोठी जाळी उशिरा भरते, आणि आपल्याकडे फुकट घालवायला दाब नाही. जोडाला दोन्हीकडे युनियन ठेवा, नाहीतर फिल्टर धुवायला करवत लागेल. व्हेंचुरी या संचात घेऊ नका. इतक्या कमी दाबावर ती खत ओढत नाही, आणि पिण्याच्या टाकीजवळ खताची बादली ठेवायचं कारणही उरत नाही. खत झाडाच्या बुडाशी हातानं द्या.

जाळी केव्हा धुवावी? आठ दिवसांनी. टाकी पांढरी असेल तर शेवाळ लवकर धरतं, ती काळी किंवा झाकलेली बरी. मीटर नसेल तर बाटली घ्या. पहिल्या दिवशी, सगळं नवं असताना, एका तोटीखाली पंधरा मिनिटं बाटली धरा. आपल्या हिशेबात ती सहाशे मिलिलिटरच्या आसपास भरेल. तेवढ्यावर खूण करा. पुढे सगळ्याच तोट्या खुणेच्या खाली राहिल्या तर जाळी भरली. एकाच ओळीच्या राहिल्या तर त्या नळीचं शेवटचं टोक उघडून गढूळ पाणी वाहू द्या.

एनआरव्ही दरवर्षी मृगाच्या आधी काढा. उलट्या बाजूनं पाणी भरून एक मिनिट उभा धरा. खाली थेंब पडला तर झडपेखालची रेती पुसून पुन्हा पाहा. तरी गळला तर बदला.