झेल सुटला, बोट दुखावलं

झेल घेताना चेंडू थेट बोटाच्या टोकावर आदळतो आणि मधला सांधा सुजतो. लगेच कुणीतरी बोट ओढायला पुढे येतो. त्याला आधी थांबवा! अंगठी असेल तर सूज चढण्यापूर्वी काढा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं लावा, हात उंच ठेवा.

मग दुखरं बोट शेजारच्या बोटाला बांधा. मध्ये कापसाची पातळ घडी ठेवा. चिकटपट्टी सांध्याच्या वर आणि खाली लावा, सांध्यावर नको. नख निळसर झालं, तर पट्टी सैल करा.

पण बोट वाकडं दिसलं, मूठ वळताना शेजारच्या बोटावर चढलं किंवा टोक लोंबून सरळच होईना, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. बोट हलतंय म्हणजे हाड शाबूत, असं नसतं.