देश बदलला की शिक्का बदलतो

समजा, कोल्हापूरची एक अभियंता नोकरीसाठी दुबईला निघाली आहे. पदवीवर अपॉस्टिल करून घेतलं की झालं, असा तिचा समज. इथेच गाडी अडते, कारण अपॉस्टिल हे हेग कराराच्या सदस्य देशांतच चालतं. भारत त्यात 2005 साली आला. संयुक्त अरब अमिराती मात्र सदस्य नाही.

त्यामुळे तिची वाट लांबते. आधी पदवीची राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीची मोहोर आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाची. पती सोबत जाणार असेल तर विवाह प्रमाणपत्राचंही असंच, फक्त राज्यातला विभाग वेगळा.

तीच फ्रान्सला निघाली असती, तर राज्याच्या पडताळणीनंतर अपॉस्टिलवर काम भागलं असतं. जर्मनीचं प्रकरण निराळं: तो सदस्य आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्याने हरकत घेतल्याने भारतीय अपॉस्टिल तिथे चालत नाही.

2012 पासून भारताचं परराष्ट्र मंत्रालय कागद थेट नागरिकांकडून घेत नाही. ते अधिकृत संस्थांमार्फत द्यावे लागतात. पासपोर्टवरचं आणि विवाह प्रमाणपत्रावरचं नाव आधी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. आणि कृपा करून मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका.