कुत्रा नेमका कोणाचा?

पशुवैद्यकाच्या दवाखान्यात कुत्र्याचा केसपेपर काढताना 'मालकाचे नाव' असा एक रकाना असतो, आणि आई-वडील पुष्कळदा त्यात मोठ्या कौतुकाने आपल्या मुलाचे वा मुलीचे नाव घालावयास सांगतात. परंतु तपासणीच्या मेजावर कुत्रा चढवून मी जेव्हा विचारतो, की काल रात्री हा काय जेवला, सकाळी शी घट्ट होती की पातळ, लघवीला शेवटचा केव्हा गेला, तेव्हा ज्याचे नाव कागदावर आहे तो बालमालक आईच्या तोंडाकडे पाहू लागतो, आई बाबांकडे पाहते, आणि कित्येकदा दाराशी पिशवी धरून उभी असलेली आजी तेथूनच हलक्या आवाजात उत्तर देते. जमिनीच्या दाव्यात मालकी एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची असते ना, तसाच हा प्रकार. मूल कुत्र्यासाठी हट्ट धरून बसले असता ही वहिवाट कोणाची होणार याचा निर्णय कुत्रा घरात येण्यापूर्वी कसा करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. "मी सगळं करीन, तुम्हाला काही करावं लागणार नाही," असे जेव्हा नऊ वर्षांचे मूल डोळ्यांत पाणी आणून सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो कुत्रा खेळणारा, शेपूट हलवणारा, शाळेतून आल्यावर धावत येणारा, आणि त्या कुत्र्याचे सगळे करण्याची त्याची खरोखरच तयारी असते. मध्यरात्री कुंथणारा, सहा महिन्यांचा झाल्यावर चपला कुरतडणारा, म्हातारपणी दृष्टी गेलेला कुत्रा त्याने पाहिलेलाच नसतो. म्हणून मुलाचे वचन हा पुरावा मानू नये, आणि पुढे ते मोडले म्हणून त्याला खोटारडेही ठरवू नये. त्याचप्रमाणे "बघू" हे उत्तर कृपा करून देऊ नये. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांच्या "बघू" या शब्दाचा अर्थ बहुधा "नाही" असा असतो आणि मुलाच्या कानी तो "हो" असाच पडतो. त्यापेक्षा "तीन आठवड्यांनी सांगतो, आणि त्या तीन आठवड्यांत अमुक करून पाहायचे आहे" असे मुदतीचे उत्तर द्यावे.

करून काय पाहावयाचे, हे एका कुटुंबाच्या उदाहरणाने सांगतो. पुण्यातील एका जुन्या पेठेत, उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे हे कुटुंब. वडील बँकेत, सकाळी नऊला घर सोडून सायंकाळी सातला परतणारे. आई सकाळच्या शाळेत शिक्षिका, साडेसहाला निघून एकला येणारी. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी. आणि चौथीतले चिरंजीव, साडेदहा ते साडेपाच शाळेत. चिरंजीवांना हवे होते दोन महिन्यांचे पिल्लू. वडील मला विचारावयास आले तेव्हा मी त्यांना कुत्र्याची जात विचारली नाही. कोरा कागद पुढे ओढून पिल्लाचा दिवस लिहून काढला.

लघवी रोखून धरण्याची पिल्लाची शक्ती त्याच्या वयावर अवलंबून असते. दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी दोन तास, फार तर अडीच तास कळ काढते. शिवाय झोपून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळून दमल्यावर त्याला लगेच नेहमीच्या जागी न्यावे लागते, नाहीतर ते बसल्या ठिकाणी कार्यभाग उरकते आणि तीच सवय त्याच्या अंगी मुरते. म्हणजे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी एक अशा नऊ पाळ्या, आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास एक, एकंदर दहा. चारदा थोडे थोडे खाणे घालावयाचे ते निराळेच. त्यातही एक अडचण अशी, की पिल्लाच्या लसींची पहिली मालिका पुरी व्हावयास त्याचे वय सुमारे चार महिन्यांचे व्हावे लागते, आणि तोवर जेथे अनोळखी कुत्री वावरतात अशा रस्त्यावर त्याला सोडणे धोक्याचे असते, कारण पार्व्हो या आतड्याच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. या घराला अंगण नव्हते. तेव्हा सगळा व्यवहार गॅलरीत वर्तमानपत्रावर होणार, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी वाकून तो कागद उचलावा, फरशी पुसावी आणि नवा कागद अंथरावा लागणार, हे उघड झाले.

मग त्या दहा पाळ्यांपुढे नावे घालावयास घेतली. सकाळी सहाची, रात्री दहाची आणि मध्यरात्रीची वडिलांनी पत्करली. सकाळी आठची आणि सायंकाळी सहाची चिरंजीवांची. रात्री आठची पुन्हा वडिलांची. दहा आणि बारा वाजता घरात करू शकणाऱ्या एकट्या आजी. दोन आणि चार या वेळा आईच्या, म्हणजे पहाटेपासून उभ्या असलेल्या त्या बाईंच्या विश्रांतीच्या. ज्या मुलासाठी कुत्रा यावयाचा त्याच्या वाट्याला दहांपैकी दोन पाळ्या आल्या. आणि मूल कितीही गुणी असले तरी शाळेच्या वेळापत्रकापुढे याहून अधिक येऊही शकत नव्हत्या.

कागदावर हे सारे जुळल्यासारखे दिसत होते. म्हणून मी सांगितले, की आता एकवीस दिवस कुत्र्यावाचून कुत्रा पाळा. गॅलरीत रोज कागद अंथरा, वेळ झाली की तो उचलून फरशी पुसा, पाण्याचे भांडे घासून भरा, रात्री दोनचा गजर लावून खरोखर उठा. आणि भिंतीवर एक तक्ता लावून ज्याने काम केले त्यानेच त्यावर आपले आद्याक्षर घाला. पाळी कोणाची होती याला महत्त्व नाही, ती प्रत्यक्षात कोणी केली याला आहे. रिकाम्या भांड्यात मौज नसते, ते शेपूट हलवीत नाही, म्हणूनच ही तालीम उपयोगाची. कारण दोन महिन्यांनी नवलाई ओसरल्यावर उरते ते काम जवळजवळ असेच कोरडे असते.

एकविसाव्या दिवशी तक्ता घेऊन वडील आले. चिरंजीवांच्या बेचाळीस पाळ्यांपैकी सत्तावीस त्यांनी आपण होऊन केल्या होत्या, नऊ आठवण करून दिल्यावर, आणि सहांपुढे आईचे अक्षर होते. त्या सहांपैकी पाच घटकचाचणीच्या आठवड्यातल्या. नऊ वर्षांच्या मुलाची ही हजेरी मी उत्तम मानतो. घोटाळा दुसरीकडेच होता. आजींचा गुडघा वाकून वाकून चौथ्याच दिवशी सुजला; त्यानंतरच्या बारा वाजताच्या पाळ्यांपुढे कोणाचेच अक्षर नव्हते, आणि दहाच्या पाळीपुढे शाळेच्या गडबडीत चिरंजीवांनी कशीबशी घातलेली काही अक्षरे होती. आईने मात्र आपल्या वाटणीचे सगळे केले होते, वर इतरांचे राहिलेलेही, आणि एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

श्रोतेहो, या तक्त्यात सर्वांत काळजीपूर्वक वाचावयाची गोष्ट हीच. ज्या घरात एक माणूस न बोलता सर्वांची राहिलेली कामे उचलते, त्या घरात कुत्र्याची वहिवाट त्या माणसाच्या नावे आपोआप रुजू होते, मग त्याने कबुलायत लिहून दिलेली असो वा नसो. म्हणून त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे, मुलाच्या माघारी, विचारावे. मी विचारले तेव्हा त्या बाई स्वच्छ म्हणाल्या, "दुपारची एक पाळी मी आनंदाने करीन. एकीहून अधिक जमणार नाही." असे उत्तर मिळाले की ते नकार म्हणून घेऊ नये, हिशेबातला तो सर्वांत भरवशाचा आकडा असतो.

त्या आकड्याला धरून निर्णय असा झाला, की पिल्लू आणावयाचे नाही. दोनेक वर्षांचा, लसी झालेला, माणसांत वाढलेला गावठी कुत्रा आणावयाचा. प्रौढ कुत्रा दिवसा सात-आठ तास कळ काढतो. सकाळी सहा, दुपारी दीड, सायंकाळी साडेसात आणि रात्री साडेदहा अशा चार फेऱ्या त्याला पुरतात. त्यांतील तीन वडिलांच्या आणि एक आईची. साडेसातच्या फेरीला चिरंजीव सोबत जाणार, परंतु पट्टा वडिलांच्या हाती राहणार. कारण त्या मुलाचे वजन अठ्ठावीस किलो, आणि मांजर दिसताच झेपावणाऱ्या अठरा किलोंच्या कुत्र्याला रस्त्यावर आवरण्याचे बळ त्या हातांत नसते. पाण्याचे भांडे घासून भरणे, अंगावरून ब्रश फिरवणे, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या आहेत का ते मोठ्यांसमक्ष पाहणे, ही कामे त्याची. आणखी एकच वचन त्याच्याकडून घेतले: दात किंवा नख लागले, मग ते खेळताना का असेना, तर त्याच क्षणी सांगावयाचे, लपवावयाचे नाही, आणि त्यासाठी कोणी रागावणार नाही, असे प्रतिवचन मोठ्यांनी दिले. अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावयाचे असते, आणि भीतीपोटी मुलाने गोष्ट दडवली तर ही वेळ हातची जाते.

आणखी एक गणित मी त्या वडिलांपुढे मांडले. कुत्रा आज दोन वर्षांचा आणि मुलगा नऊ वर्षांचा. मुलगा दहावीला बसेल तेव्हा कुत्रा आठ वर्षांचा असेल. मुलगा बारावी होऊन वसतिगृहात गेला तर कुत्रा अकरा वर्षांचा, म्हणजे सांधे धरलेला, औषधे चालू असलेला म्हातारा. मूल घरातून जाण्याची आणि कुत्र्याला अधिक सेवा लागण्याची वेळ बहुधा एकच येते. तेव्हा ही जबाबदारी पुढे वारसाने नव्हे, आजच प्रौढाच्या नावे लिहिली पाहिजे. वडील थोडा वेळ तक्त्याकडे पाहत राहिले आणि शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाले, "मग महानगरपालिकेचा परवाना माझ्याच नावे काढतो. कुत्रा माझा. हा माझा मदतनीस." मुलाचा चेहरा किंचित उतरला खरा, पण मदतनिसाकडून चूक झाली तर कुत्रा उपाशी राहत नाही, आणि "नीट वागला नाहीस तर कुत्रा देऊन टाकू" अशी धमकी त्या घरात कोणाला देताही येत नाही, हे त्याला पुढे कळावयाचे होते.

दीड वर्षाने, ऐन पावसाळ्यात, तो कुत्रा, मोत्या, आजारी म्हणून बाप-लेक दवाखान्यात आले. केसपेपरवर वडिलांचे नाव होते. जेवण, शी, उलटी यांविषयी मी विचारत गेलो आणि वडील न अडखळता सांगत गेले. लिहून झाल्यावर मी पेन ठेवणार, तोच मुलगा म्हणाला, "डॉक्टरकाका, मी भांडं रोज दोनदा भरतो. कालपासून चारदा भरलं." ही गोष्ट वडिलांना ठाऊक नव्हती. त्या एका वाक्यावरून मी मोत्याच्या रक्ताची आणि लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घेतली, आणि केसपेपरवर मालकाच्या नावाखाली थोडी जागा होती, तेथे मदतनिसाचेही नाव लिहिले.