पैसे गेले कुणाला?

मंडळी, खताचे पैसे चुकते केले, पण दुकानदार म्हणतो, मिळाले नाहीत. हाती आहे बँकेच्या खातेउताऱ्याचा फोटो. यंत्राने त्यावरून उतरवलेली ओळ अशी:

```
UPI/DR/4123456789O1/KRUSHI SE/MAHB
```

तिरक्या रेघेपाशी तोडून ती वाचा. UPI म्हणजे पैसे मोबाइलवरून परस्पर खात्यात गेले. तिथे POS असते तर कार्डाने दिले, ATM असते तर रोख काढले. DR म्हणजे नावे पडले. मग व्यवहाराचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, त्याची बँक. ही मांडणी बँकेगणिक थोडी बदलते.

नाव जागेअभावी तुटले आहे. ‘कृषी सेवा’ हा झाला तर्क. खरी खूण क्रमांकाची. तो 12 अंकी असतो. इथे अंक मोजले तर 11च भरतात, कारण यंत्राने शून्याचे O अक्षर केले! ते सुधारा. दुकानदाराच्या उताऱ्यात त्याच क्रमांकाची CR, म्हणजे जमेची, ओळ सापडली की पैसे पोचले.

रोख काढल्याच्या ओळीत मात्र घेणाऱ्याचे नाव नसतेच. तिथे दुकानाची पावतीच हवी, बरं का!