एसीचा झोत आणि डोकेदुखी

मे महिन्यात टेंभुर्णीत पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हातून घामेजलेल्या अंगानं येऊन 18 अंशांच्या एसीसमोर बसलं, की शरीराला एकदम वीसेक अंशांचा फरक सोसावा लागतो. ओल्या मानेवर गार झोत आला की तिथले स्नायू आखडतात आणि कळ मानेतून डोक्यात चढते. ही डोकेदुखी शेकानं, मान सैल केल्यानं बहुधा उतरते. अर्धं डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, उजेड नकोसा वाटत असेल, तर ती अर्धशिशी असू शकते. काहींना तापमानातल्या अशा बदलानंही ती उठते. म्हणून आधी घाम पुसा, थोडं सावलीत थांबा. एसी 24 ते 26 अंशांवर ठेवा, झोत अंगावर घेऊ नका. तापासोबत मान ताठरली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.