आधी उजळणी, मग नवा सीझन

आज ‘पंचायत’ या हिंदी मालिकेबद्दल बोलू या. आपल्यापैकी पुष्कळजणींनी मोबाईलवर किंवा शेजारच्या टीव्हीवर ती पाहिली आहे. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव, प्रधान मंजूदेवी, सगळा कारभार हातात घेतलेले तिचे यजमान आणि शहरातून आलेला सचिव अभिषेक, अशी ती गोष्ट.

या मालिकेचा पहिला सीझन 2020 मध्ये आला, दुसरा 2022 मध्ये आणि तिसरा 2024 मध्ये. मध्ये दोन-दोन वर्षं गेली. तेवढ्यात आपल्या घरात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, दोन खरीप गेले. मालिकेतलं कोण कशावरून कोणावर रागावलंय, हे लक्षात कसं राहणार?

तिसरा सीझन आला तेव्हा आम्ही गटातल्या सहाजणी एकत्र बसलो. आधी मोबाईलवर दहा-बारा मिनिटांची उजळणी पाहिली. ‘मागे काय घडलं’ ते सांगणारे असे व्हिडिओ पुष्कळ मिळतात. प्रल्हादचा फौजेतला मुलगा शहीद झाला, आमदाराशी वैर झालं, सचिवाची बदली झाली, एवढं कळलं. आम्हाला वाटलं, झालं काम.

पण नवा सीझन सुरू झाला आणि प्रल्हाद दारूत बुडालेला दिसला. आमच्यातली एक म्हणाली, “हा असा काय वागतो?” मुलगा गेला हे तिला उजळणीतून कळलं होतं. पण दुसऱ्या सीझनभर सगळ्यांना हसवणारा प्रल्हाद तिला आठवत नव्हता, आणि शेवटच्या भागातलं ते सुन्न झालेलं गावही नाही. मग आम्ही थांबलो, दुसऱ्या सीझनचा तेवढा शेवटचा भाग पाहिला आणि परत पुढे गेलो. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. उजळणी ‘काय झालं’ ते सांगते. ‘का झालं’ आणि ‘माणूस कसा बदलला’ ते मात्र गाळते, कारण ते दहा मिनिटांत बसत नाही. मंजूदेवीचंच पाहा. पहिल्या सीझनच्या शेवटी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाची वेळ येते आणि तिला राष्ट्रगीतसुद्धा धड येत नसतं. तीच बाई दुसऱ्या सीझनच्या शेवटी आमदाराला तोंडावर सुनावते. उजळणीत याचं एकच वाक्य होतं, “आमदाराशी वैर झालं.” प्रधानपतीच्या मागे उभी असलेली बाई पुढे कशी आली, ते त्यातून दिसतच नाही. आपल्याला तर तेच पाहायचं असतं ना?

मग उजळणी पुरेल की सगळं पुन्हा पाहावं, हे ठरवायचं कसं? आम्ही असं करतो. उजळणी लावायच्या आधी एकमेकींना तीन प्रश्न विचारतो. मागचा सीझन कुठे संपला? भांडण कशावरून आहे? आपलं आवडतं माणूस शेवटी कोणत्या अवस्थेत होतं? नावं विसरली असतील, प्रसंगांचा क्रम चुकत असेल, तरी उजळणी पुरते. उजळणी पाहताना तोंडातून “अगं हो, आठवलं!” असं निघालं, तर पुढे जावं. “हे कधी झालं?” असं एखाद्या ठिकाणी निघालं, तर तेवढा भाग पाहावा. आणि दर दोन मिनिटांनी तेच निघत असेल, तर उजळणी बंद करून सगळा सीझन पाहावा.

सगळेच सीझन पुन्हा पाहायची गरज नसते. ‘पंचायत’च्या पहिल्या सीझनमध्ये बहुतेक भाग सुटे आहेत. भुताच्या झाडाची गोष्ट एका भागात संपते, चाकाच्या खुर्चीची दुसऱ्या. त्यातला पहिला आणि शेवटचा भाग पाहिला तरी चालतं. चौथ्या सीझनचं तसं नाही. तो 2025 मध्ये आला आणि त्यात सुरुवातीपासून निवडणूकच आहे. मंजूदेवीची निशाणी दुधी, क्रांतीदेवीची कुकर. एकातून दुसरा डाव निघतो आणि शेवटी मंजूदेवी हरते. ती का हरली, हे उजळणीतून नीट कळणार नाही. म्हणून पाचवा सीझन येईल तेव्हा चौथा पूर्ण पाहायचा, असं आम्ही ठरवलंय. आठ भाग आहेत. रोज रात्री दोन पाहिले तर चार दिवसांत होतात.

एक सावधगिरी. उजळणीचा व्हिडिओ लावण्याआधी ती कोणत्या सीझनपर्यंतची आहे, ते नावात वाचा. काही व्हिडिओंत नव्या सीझनचा शेवटही सांगून टाकतात. आमच्या एका बैठकीत तसं झालं आणि सगळ्या मजेवर पाणी पडलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एकमेकींना विचारा, मंजूदेवी कशामुळे हरली? उत्तरं पाचजणींची पाच आली, तर समजा, चौथा सीझन पुन्हा लावायला हवा.